१९९२ सालचा हरवलेला चंद्र आणि पिनाटुबो: राख तर केव्हाच खाली बसली होती, मग वर काय उरलं होतं?

कातळकोकणी

१० डिसेंबर १९९२ ची पहाट. मी सातवीत होतो. बाबांनी चारच्या सुमारास उठवलं आणि आम्ही दोघं घोंगडी पांघरून खळ्यात येऊन बसलो. त्या पहाटे खग्रास चंद्रग्रहण होतं. त्याआधी एक ग्रहण मी पाहिलेलं होतं, त्यामुळे चंद्र तांबूस होणार, तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा दिसणार, हे ठाऊक होतं. मी त्याचीच वाट बघत होतो.

पावणेपाचच्या आसपास चंद्र पूर्ण सावलीत गेला. पण तांबूस झालाच नाही. विझला. करडा, मळका, जेमतेम कळेल न कळेल असा एक डाग उरला. बाबा म्हणाले, "ढग आला वाटतं." पण आजूबाजूच्या चांदण्या लखलखीत होत्या, ढगाचा मागमूस नव्हता. मला आठवतं, मी थोडा घाबरलो होतो.

कारण खूप वर्षांनी कळलं. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावर पिनाटुबो ज्वालामुखी फुटला होता. त्याने वर फेकलेल्या पदार्थांमुळे दीड वर्षानंतरही पृथ्वीची सावली इतकी गडद पडली. त्याच काळात पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं, असंही वाचलं.

माझं अडतं ते इथे. राख म्हणजे शेवटी दगडाचा चुरा. ती दीड वर्ष हवेत कशी राहील? आणि राहिली नसेल, तर माझा चंद्र कोणी झाकला?

धूळपाटी

छान आठवण. उत्तर सोपं आहे. मोठ्या स्फोटात राख इतकी उंच जाते की पाऊस तिला धुऊ शकत नाही. ती पृथ्वीभर पसरते, सूर्य झाकते आणि थंडी पडते. १८८३ च्या क्राकाटोआनंतरही हेच झालं. स्फोट जितका मोठा, तितकी राख जास्त आणि तितकी थंडी जास्त.

निरभ्र

धूळपाटी, पाऊस तिथवर पोचत नाही हे तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत, आणि या साऱ्या प्रकाराचं निम्मं उत्तर तेच आहे. पण राखेचं तसं नाही. (मी उपग्रहांच्या नोंदींवरून वातावरणातल्या कणांचा अभ्यास करतो. पिनाटुबोच्या नोंदी आमच्याकडे अजून रोज वापरात आहेत.)

राखेचे बहुतेक कण जड असतात. भरड राख काही तासांत खाली येते, बारीक राख काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत. पिनाटुबोच्या वेळी नेमकं त्याच दिवशी युन्या नावाचं चक्रीवादळ लुझॉनवरून जात होतं. पावसाने भिजलेली राख घरांच्या छपरांवर साचली आणि त्या वजनाने छपरं कोसळून माणसं गेली. राखेचा मोठा भाग असा तिथल्या तिथे खाली आला.

वर राहिला तो वायू. सल्फर डायऑक्साइड, म्हणजे काडी ओढल्यावर नाकात झोंबतो तो. त्या दिवशीचा झोत ३५ किलोमीटरच्या वर गेला होता आणि त्याच्याबरोबर सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या हवेच्या थरात, पोचला. हा वायू स्वतः सूर्यप्रकाश फारसा अडवत नाही. पण तिथल्या थोड्याशा बाष्पाशी आणि सूर्यप्रकाशात तयार होणाऱ्या क्रियाशील रेणूंशी त्याची हळूहळू अभिक्रिया होते. साधारण महिन्याभरात त्याचा बराच भाग गंधकाम्ल बनतो आणि त्या आम्लाचे अतिशय बारीक थेंब तयार होतात. कातळकोकणी, तुमचा चंद्र त्या थेंबांनी झाकला.

म्हणून स्फोट झाल्या दिवशी थंडी सुरू होत नाही. धुकं आधी वर शिजावं लागतं.

धूळपाटी

पण मग स्फोटाच्या आकाराला काहीच अर्थ नाही का? मला ते पटत नाही.

निरभ्र

अर्थ आहे, कारण वायू वर पोचवायला जोर लागतो. पण जोर आणि गंधक या दोन वेगळ्या गोष्टी. निसर्गाने यावर जणू जोडीने प्रयोगच करून दाखवला.

१८ मे १९८० ला अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्स फुटला. जगभर त्याची छायाचित्रं गाजली. डोंगराची एक अख्खी बाजू ढासळली आणि स्फोटाचा मोठा तडाखा आडवा गेला. स्थितांबरात गेलेलं सल्फर डायऑक्साइड साधारण दहा लाख टन. जगाच्या तापमानात त्याचा परिणाम शोधूनही धड सापडत नाही.

दोनच वर्षांनी, १९८२ च्या वसंतात, मेक्सिकोतला एल चिचोन फुटला. त्याआधी फार थोड्यांना तो माहीत होता. बाहेर पडलेली राख आणि दगड साधारण सेंट हेलेन्सच्याच पट्टीतले. पण त्याचा शिलारस गंधकाने भरलेला होता, आणि सत्तर लाख टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड वर गेलं. स्थितांबरात दाट धुकं पसरलं आणि कित्येक महिने टिकलं. राख सारखीच, धुकं मात्र कितीतरी पट. संशोधकांचं लक्ष राखेवरून गंधकाकडे पक्कं वळलं ते या जोडीनंतर.

सातासमुद्रापार

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा तो उच्चारायला अवघड ज्वालामुखी फुटला तेव्हा मी लंडनच्या विमानतळावर पाच दिवस अडकलो होतो. जवळचे पैसे संपले, शेवटी एका मराठी कुटुंबाने घरी नेलं. एवढी विमानं बंद पडली म्हणजे त्याचाही थंडावा पडला असणार ना? तो उन्हाळा मला गारच वाटला होता.

निरभ्र

नाही, तो त्यातला नव्हता. विमानांना धोका राखेचा असतो, कारण ती इंजिनात वितळून चिकटते. आणि राख नेमकी विमानं उडतात त्याच उंचीवर होती. गंधक थोडं होतं आणि झोत बहुतेक वेळ आठ-नऊ किलोमीटरच्या आतच राहिला. तिथला पाऊस आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं धुऊन काढतो. विमानतळ बंद पाडणारा ज्वालामुखी आणि हवामान थंड करणारा ज्वालामुखी एकच असेल असं नाही.

गणिती काकू

मी निवृत्त शिक्षिका. दीड-दोन कोटी टन ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून मी वहीवर मांडून पाहिलं. चुकलं असेल तर सांगा.

सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४ आणि गंधकाम्लाचा ९८. म्हणजे दीड कोटी टन वायूपासून साधारण २.३ कोटी टन आम्ल. स्थितांबरातल्या थेंबात पाऊण भाग आम्ल आणि पाव भाग पाणी असतं असं वाचलं, म्हणजे थेंबांचं एकूण वजन ३ कोटी टन. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. ते धुकं सगळीकडे सारखं पसरलं असं धरलं, तर एका चौरस मीटरवर येतात सुमारे ६० मिलिग्रॅम.

भाताचा दाणा २० ते २५ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे आपल्या देवघरापुढच्या चौरस मीटरभर रांगोळीवर तांदळाचे तीन दाणे ठेवावेत, तेवढंच वजन. तेवढ्याने सगळी पृथ्वी अर्धा अंश थंड झाली? मी तीनदा भागाकार तपासला.

निरभ्र

काकू, भागाकार अगदी बरोबर आहे. ३ कोटी टन हाच आकडा मोजमापांतूनही येतो.

तीन दाणे एवढं करू शकतात याचं कारण त्यांचा केलेला चुरा. पिनाटुबोचे थेंब साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढे होते. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीची लांबीही तेवढीच. कणाचा आकार आणि प्रकाशाची लांबी जुळली की तो कण प्रकाश सर्वांत परिणामकारकपणे विखुरतो. बहुतेक प्रकाश पुढेच, म्हणजे खालीच येतो, पण विखरून. थोडासा भाग मागे अवकाशात परततो, आणि थंडावा तेवढ्या भागाचा असतो. म्हणून १९९१-९२ मध्ये भर दुपारीही आकाशाची निळाई फिकी, दुधाळ दिसायची आणि सूर्याभोवती मोठं पांढुरकं कडं असायचं. हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत थेट येणाऱ्या सूर्यप्रकाशाची नोंद अनेक दशकं चालू आहे. त्या आलेखात एल चिचोन आणि पिनाटुबोचे खड्डे शाळकरी मुलालाही दाखवता येतात.

दुसरी बाजूही महत्त्वाची. पृथ्वी उष्णता बाहेर टाकते ती दहा मायक्रॉनच्या आसपासच्या लहरींतून. त्यांच्यापुढे अर्ध्या मायक्रॉनचा थेंब फारच लहान, बरीचशी उष्णता त्याला ओलांडून निघून जाते. येणारं अडतं आणि जाणारं जातं, म्हणून थंडावा. थेंब दोन-अडीच मायक्रॉनच्या पुढे वाढले असते, तर तेच धुकं उलट ऊब धरून बसलं असतं.

शंकेखोर

सगळं नीट जुळवून सांगितलंय, पण मला एक खटकतं. हवामान कुठल्याही वर्षी इकडेतिकडे अर्धा अंश हलतंच. १९९२ थंड निघालं आणि वर्षभर आधी ज्वालामुखी फुटला होता, म्हणून लगेच कार्यकारण जोडायचं? सूर्यच थोडा मंदावला असेल, किंवा प्रशांत महासागरात काही घडलं असेल. घडून गेल्यावर कारण सांगणं सोपं असतं.

निरभ्र

शंका रास्त आहे, पण इथे कारण आधी सांगितलं गेलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये नासाची गोडार्ड संस्था आहे. तिथल्या जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी जानेवारी १९९२ मध्ये, म्हणजे थंडावा दिसायच्या आधी, आपलं भाकीत छापून टाकलं: पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल, १९९२ च्या उत्तरार्धात ते तळाला जाईल आणि मग सावरेल. झालं जवळपास तसंच. त्या काळी संगणकी हवामान प्रारूपांवर फारसा विश्वास नव्हता, त्यामुळे ती त्यांची जाहीर परीक्षाच होती.

प्रशांत महासागराचं म्हणाल, तर १९९१-९२ मध्ये तिथे एल निनो होता. एल निनो जगाचं तापमान चढवतो. म्हणजे थर्मामीटर वर जायला हवा असताना खाली गेला. एल चिचोनच्या वेळी मात्र १९८२-८३ चा एल निनो इतका जबरदस्त होता की त्याने थंडावा जवळजवळ झाकून टाकला. तेव्हा तुमचा मुद्दा त्या स्फोटाला खराच लागू पडतो.

आणि सूर्य मंदावला असता तर वरपासून खालपर्यंत सगळंच थंड झालं असतं. इथे जमिनीलगतची हवा थंड झाली आणि उष्ण कटिबंधावरचं स्थितांबर दोन-तीन अंशांनी तापलं. कारण ते थेंब जमिनीकडून येणाऱ्या उष्णतेचा आणि सूर्यप्रकाशातल्या अवरक्त भागाचा थोडा हिस्सा स्वतः शोषतात. वर ताप आणि खाली थंडी ही खूण सूर्याची नाही, धुक्याची आहे.

शंकेखोर

वर तापलं, खाली थंड झालं, हा मुद्दा मला माहीत नव्हता. मान्य. पण मोजमापांवर तरी किती विसंबायचं? उपग्रह त्याच धुक्यातून खाली बघत होते ना?

निरभ्र

हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला, कारण तसा घोटाळा खरंच झाला होता. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मोजणारे उपग्रह त्यातून येणारी उष्णता पाहतात. मधल्या धुक्याने त्यातली थोडी गिळली, आणि उपग्रहाला उष्ण कटिबंधातला समुद्र होता त्यापेक्षा अंशभर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त थंड भासला. जहाजांचे आणि पाण्यात तरंगणाऱ्या मापक बोयांचे आकडे समोर ठेवल्यावर ते उघडं पडलं. म्हणून अर्ध्या अंशाचा आकडा ठरवताना जमिनीवरची हवामान केंद्रं आणि समुद्रातल्या प्रत्यक्ष नोंदी यांच्यावर भर आहे.

दुसरं एक उपकरण होतं, सेज नावाचं. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे वातावरणाच्या कडेतून पाहून ते धुक्याची घनता मोजायचं. पहिले काही महिने खालच्या थरांत धुकं इतकं दाट होतं की सूर्यच दिसेना. नेमकी सर्वांत दाट काळाची नोंद त्यामुळे तुटक आहे. ती भोकं बुजवायला जमिनीवरून सोडलेले लेसर आणि अमेरिकेत वायोमिंगमधून सोडलेले मापक फुगे कामी आले. तरी त्या महिन्यांच्या आकड्यांवर आमच्यात अजून वाद होतात.

माळरान

मी शेतकरी, सोलापूर जिल्हा. आमच्या व्हॉट्सअॅप गटात फिरतंय की १९७२ चा दुष्काळ परदेशातला ज्वालामुखी फुटल्यामुळे पडला. माझे वडील त्या वर्षी रोजगार हमीच्या खडी फोडण्यावर होते, सुकडी खाऊन दिवस काढले. खरं काय ते सांगा. आणि पुढे असा स्फोट झाला तर आमच्या पावसाचं काय?

निरभ्र

माळरानदादा, १९७२ ला ज्वालामुखी जबाबदार नव्हता. त्याआधीचा गंधकाचा मोठा स्फोट १९६३ मधला, बालीतल्या अगुंगचा, आणि त्याचं धुकं तोवर केव्हाच निवळलं होतं. १९७२ ला मोठा एल निनो होता, त्याने मॉन्सून मोडला.

पावसाबद्दलची काळजी मात्र खरी आहे. जमीन आणि समुद्रावर ऊन कमी पडलं की बाष्पीभवन कमी होतं. जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे मॉन्सूनला ओढणारा दोघांमधला फरकही कमी होतो. पिनाटुबोनंतरच्या वर्षात जगभरच्या जमिनीवर पडलेला पाऊस आणि नद्यांतून समुद्राला मिळालेलं पाणी ठळकपणे घटलं. पण त्यात एल निनोचाही वाटा होता, आणि एका जिल्ह्याच्या पावसात या दोघांची विभागणी करता येत नाही. कोणी तसं छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

माळरान

बरं झालं स्पष्ट सांगितलंत. गटात हेच पाठवतो. द्राक्षवाल्यांचा एक प्रश्न राहिला. ऊन कमी म्हणजे पीकही कमी का?

निरभ्र

इथे उत्तर दोन्हीकडे ओढतं. थेट ऊन घटलं, पण विखुरलेला उजेड वाढला. तो सावलीतल्या, आतल्या पानांपर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या एका पानगळीच्या जंगलात १९९२-९३ मध्ये निरभ्र दुपारी झाडांनी नेहमीपेक्षा जास्त कार्बन शोषल्याची नोंद आहे. पण जंगलाला पानांचे अनेक थर असतात. मांडवावरच्या द्राक्षाला किंवा ज्वारीला तोच फायदा होईल असं नाही. पिकांच्या बाबतीत वाढलेल्या विखुरलेल्या उजेडाचा लाभ घटलेल्या उन्हाने खाऊन टाकला, असं सांगणारे अभ्यास आहेत.

अलिबागची लेक

मी बेने इस्रायली. माझं माहेर अलिबागजवळ, आता इस्रायलमध्ये असते. आम्ही इथे आलो आणि पहिलाच हिवाळा १९९१-९२ चा. कोकणातून आलेल्या बाईने जेरुसलेममध्ये गुडघाभर बर्फ बघितलं! आई फोनवर विचारायची, "अगं, तिकडे वाळवंट आहे म्हणालीस ना?" शेजारच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, असा हिवाळा आम्हीही पाहिला नाही. त्याचा याच्याशी संबंध असेल का? की मी उगाच जोडतेय?

निरभ्र

ताई, अजिबात उगाच नाही. मध्यपूर्वेतला तो हिवाळा नोंदींमध्ये फार थंड आहे, आणि त्याची एक वेगळीच गोष्ट तुमच्या देशातल्या एलातच्या समुद्रात घडली.

तांबड्या समुद्राच्या त्या टोकाला प्रवाळाचे खडक आहेत. १९९२ च्या हिवाळ्यात हवा इतकी थंड झाली की वरचं पाणी थंड आणि जड होऊन खूप खोलवर बुडालं. त्याच्या घुसळणीत तळाकडचं पोषक क्षारांचं पाणी वर आलं. त्या खतावर वसंतात शेवाळ माजलं आणि प्रवाळावर त्याची जाड चादर बसली. बरंच प्रवाळ गुदमरून मेलं. हजारो मैलांवरच्या डोंगरातला वायू, आणि मेलं ते तांबड्या समुद्रातलं प्रवाळ. मला ही साखळी कधी विसरता येत नाही.

त्याच हिवाळ्यात उत्तर युरोप आणि सायबेरिया मात्र नेहमीपेक्षा उबदार होते. तापलेल्या स्थितांबरामुळे ध्रुवाभोवतीचे वारे जोरात वाहतात आणि समुद्रावरची ऊब जमिनीवर आणतात, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. नव्या प्रारूपांत तो परिणाम फार दुबळा निघतो, आणि तो हिवाळा नुसता योगायोगाने उबदार होता असं म्हणणारेही आहेत. माझा कल या दुसऱ्या बाजूकडे झुकतोय, पण प्रश्न मिटलेला नाही.

कातळकोकणी

धागा काढल्याचं सार्थक झालं. आता माझा मूळ प्रश्न पुढे नेतो. हे थेंब इतके बारीक आणि पाऊस तिथे पोचत नाही, मग ते कायमचेच वर का राहिले नाहीत? वर्ष-दोन वर्षंच का?

निरभ्र

स्थितांबराची हवा स्वतः संथपणे फिरते. विषुववृत्तावर ती वर चढते, दोन्ही ध्रुवांकडे सरकते आणि तिथे खाली उतरते. पिनाटुबो १५ अंश उत्तरेला आहे. त्याचा ढग तीन आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून आला, पण आधी उष्ण कटिबंधाच्या पट्ट्यातच होता. मग पुढच्या काही महिन्यांत तो दोन्हीकडे ध्रुवांपर्यंत पसरला. वर चढणाऱ्या हवेनेच त्याला धरून ठेवलं होतं. ध्रुवांकडे हवा उतरते तेव्हा थेंबही खालच्या थरात येतात, आणि तिथे पाऊस वाट बघत असतो. साधारण दर वर्षी धुकं एक तृतीयांश उरतं. म्हणूनच तुमच्या १९९२ च्या ग्रहणाला ते पुरेसं होतं.

ध्रुवाजवळच्या ज्वालामुखीचं धुकं सहसा एकाच गोलार्धात राहतं आणि लवकर उतरतं. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडच्या बर्फात एकाच वर्षीचं गंधक सापडलं, तर स्फोट उष्ण कटिबंधातला होता असा तर्क करतात तो यामुळेच. १२५७ च्या सुमाराचा एक प्रचंड गंधकाचा थर असाच दोन्ही बर्फांत होता, पण डोंगर सापडत नव्हता. तो लोंबोक बेटावरचा समालास असल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं.

गणिती काकू

मग मी पुढे त्रैराशिक मांडते. पिनाटुबो दीड कोटी टन, अर्धा अंश. १८१५ चा तांबोरा सुमारे सहा कोटी टन. म्हणजे चौपट, दोन अंश?

निरभ्र

काकू, इथे त्रैराशिक फसतं. गंधक जास्त झालं की थेंबांची संख्या तेवढी वाढत नाही. ते एकमेकांवर आदळून मोठे होतात. मोठा थेंब त्याच वजनात प्रकाश कमी विखुरतो आणि लवकर पडतो. तांबोरानंतरच्या १८१६ मध्ये युरोप आणि ईशान्य अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, जूनमध्ये बर्फ पडलं, पिकं गेली. पण सगळ्या पृथ्वीची सरासरी अर्ध्या अंशाच्या थोडीच पुढे खाली गेली असावी.

आणि अर्ध्याच अंशावर का थांबलं, यात समुद्राचा हात आहे. पिनाटुबोचं धुकं ऐन भरात असताना दर चौरस मीटरमागे तीन-चार वॅटची तूट होती. ती कायम राहिली असती तर पृथ्वी दोन अंशांच्याही खाली गेली असती. पण समुद्र जुन्या दगडी वाड्यासारखा आहे. बाहेर ऊन सरलं तरी भिंती दोन दिवस ऊब देत राहतात. समुद्र पुरता थंड व्हायच्या आतच धुकं निवळलं.

धूळपाटी

माझ्या पहिल्या प्रतिसादातली राख मी मागे घेतो. पण २०२२ च्या टोंगाचं काय? तो झोत तर ५७ किलोमीटर गेला, पिनाटुबोपेक्षाही उंच. थंडी कुठे पडली?

निरभ्र

तो समुद्राखालचा होता. गंधक अर्ध्या दशलक्ष टनाच्या आसपास, म्हणजे पिनाटुबोच्या तीस-चाळीस पट कमी. पण त्याने सुमारे पंधरा कोटी टन पाण्याची वाफ स्थितांबरात नेली, तिथल्या एकूण वाफेच्या दहा टक्के. वाफ ऊब धरते, गंधक थंड करतं. दोन्हींची वजाबाकी थंडाव्याकडे झुकते की उबेकडे, यावर अजून एकमत नाही. परिणाम लहान होता एवढ्यावर मात्र बहुतेकांचं जुळतं.

सातासमुद्रापार

मग विमानांनी मुद्दाम गंधक वर सोडून पृथ्वी थंड का करत नाहीत? तीन दाण्यांचं काम आहे ना!

माळरान

साहेब, वर पावसाचं काय झालं ते वाचलंत ना? तुमची थंडी आमच्या पावसाच्या जिवावर नको.

निरभ्र

माळरानदादांच्या मुद्द्यात मी एवढंच घालतो की ते दर वर्षी सोडत राहावं लागेल. थांबवलं तर वर्षा-दोन वर्षांत धुकं निवळेल आणि दाबून ठेवलेली सगळी उष्णता झपाट्याने वर येईल. शिवाय ते थेंब ओझोनही खातात, पिनाटुबोनंतर तेही दिसलं. या विषयाला वेगळा धागा हवा.

कातळकोकणी

काल बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते आता ऐंशीचे आहेत. ढग नव्हता हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्या वर्षी सूर्य बुडाल्यावरही पश्चिमेला जांभळट उजेड खूप वेळ रेंगाळायचा, मासळीवाले त्याबद्दल बोलायचे. मला ते मुळीच आठवत नाही.

निरभ्र, शेवटचं विचारतो. नुसत्या डोळ्यांनी धुक्याची नोंद ठेवता येते का?

निरभ्र

बाबांची आठवण पक्की आहे. सूर्य आपल्यासाठी बुडला तरी वीस किलोमीटरवरच्या थेंबांवर त्याचे किरण पडत असतात, तोच तो जांभळा उजेड.

आणि नोंद ठेवता येते, तुम्ही सातवीत तेच केलंत. खग्रास चंद्राला जो तांबूस रंग येतो तो पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वळून गेलेल्या प्रकाशाचा. वाटेत स्थितांबर लागतं. ते स्वच्छ असेल तर चंद्र तांब्यासारखा, धुकं असेल तर विझल्यासारखा. दांजाँ नावाच्या फ्रेंच खगोलज्ञाने त्यासाठी शून्य ते चार अशी पट्टी दिली आहे. शून्य म्हणजे जवळपास दिसतच नाही, चार म्हणजे लखलखीत तांबडा. तुमची १९९२ ची पहाट शून्याच्या आसपासची. खग्रासाच्या मध्यावर दुर्बीण न लावता आकडा ठरवायचा, आणि जवळ ढग किंवा धुरळा आहे का तेही लिहायचं, नाहीतर नोंद फसते.

३१ डिसेंबर २०२८ ला भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल, रात्री दहाच्या पुढे-मागे. बाबांना खळ्यात घेऊन बसा आणि आकडा इथे टाका.

कातळकोकणी

बाबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितलंय. २०२८ चं अजून घरात आलेलं नाही, म्हणून सध्या देवघराच्या दारामागे खडूने तारीख लिहिली आहे.